परीक्षक म्हणून आपण यावे

शाळेकडून कवीला येणारं परीक्षकपदाचं पत्र बहुधा अर्ध्या पानाचं असतं. वर शाळेचं नाव, कोपऱ्यात जावक क्रमांक आणि दिनांक, मग ‘सालाबादप्रमाणे यंदाही आमच्या प्रशालेत’ अशी सुरुवात आणि शेवटी ‘उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ ही विनंती. खाली मुख्याध्यापकांची सही आणि गोल शिक्का. तसं पाहिलं तर पत्रात चूक काहीच नाही. फक्त कवीने तिथे येऊन नेमकं करायचं काय, याचा त्यात पत्ता नसतो. मुलं किती, कोणत्या इयत्तांची, कविता पुस्तकातल्या की बाहेरच्या, चालीत म्हटली तर चालेल का, गुण कशाला किती द्यायचे, सोबत आणखी कोणी परीक्षक आहे का, हे सगळं त्याला मंचावर बसल्यावर कळतं. गुणपत्रक हातात पडतं तेव्हा पहिली मुलगी माइकपाशी उभी राहिलेली असते.

मग कवी त्याला सुचेल तसे गुण देतो. निकालानंतर आठ दिवस शिक्षकखोलीत आणि शाळेच्या फाटकाबाहेर कुरबुर चालते. ‘तिने तर चक्क गाणं म्हटलं’, ‘त्याने एक कडवं गाळलं तरी दुसरा नंबर?’ असे सवाल निघतात. यातले बहुतेक वाद स्पर्धेच्या दिवशी जन्मत नाहीत. महिनाभर आधी पत्र लिहिताना जे ठरवायचं राहून गेलेलं असतं, तेच त्या दिवशी वर येतं. म्हणून हे पत्र जरा नीट बघण्यासारखं आहे.

नमुन्यादाखल एक शाळा धरू. तालुक्याचं गाव, पाचवी ते दहावीचे वर्ग, एक सभागृह. मराठी शिकवणाऱ्या बाईंकडे काव्यपठण स्पर्धा सोपवलेली आहे आणि त्यांना गावातल्याच एका कवीला बोलवायचं आहे. कवी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, दोन संग्रह नावावर, गाव त्यांना अण्णा म्हणतं.

पहिला प्रश्न तारखेचा. मराठीची स्पर्धा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर २७ फेब्रुवारी येते. वि. वा. शिरवाडकर म्हणजे कुसुमाग्रज यांचा तो जन्मदिवस, १९१२ सालचा, आणि राज्यात तो मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो. पण शाळेच्या सोयीने पाहिलं तर ही तारीख अडचणीची आहे. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू झालेली असते, दहावीची डोक्यावर असते किंवा तीही सुरू असते. शाळा परीक्षा केंद्र असेल तर सभागृहात बाकं लागलेली असतात. दहावीची मुलं येणार नाहीत, आली तरी त्यांचं लक्ष लागणार नाही. शिवाय त्या दिवशी कवी मोकळा नसतो. महाविद्यालय, वाचनालय, बँक, पंचायत समिती, सगळ्यांना मराठीची आठवण त्याच दिवशी होते आणि गावात कवी दोन-चारच असतात. त्यामुळे शहाण्या शिक्षिका १४ ते २८ जानेवारी या मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यातला एखादा दिवस पकडतात. आपल्या बाईंनी २० जानेवारी धरली आहे. पत्र गेलं आहे २६ डिसेंबरला, म्हणजे साडेतीन आठवडे आधी.

पत्र असं आहे:

*दि. २६ डिसेंबर*

*प्रति, मा. कवी ………… यांस,*

*विषय : काव्यपठण स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून येण्याबाबत*

*महोदय, सप्रेम नमस्कार.*

*मराठी भाषा संवर्धन पंधरवड्यानिमित्त आमच्या शाळेत मंगळवार, दि. २० जानेवारी रोजी सकाळी ११ ते १.१५ या वेळेत काव्यपठण स्पर्धा होणार आहे. तिच्यासाठी आपण परीक्षक म्हणून यावे, अशी विनंती आहे. आपला दुसरा संग्रह आमच्या ग्रंथालयात आहे आणि त्यातली बसस्थानकावरची कविता सातवीच्या मुलांनी या वर्षी वर्गात वाचली आहे.*

*स्पर्धा दोन गटांत आहे. लहान गट पाचवी ते सातवी आणि मोठा गट आठवी ते दहावी. वर्गफेरीतून निवडलेली प्रत्येक गटात १२ अशी एकूण २४ मुले असतील. प्रत्येकाला जास्तीत जास्त ३ मिनिटे. कविता पाठ म्हणायची आहे. चाल लावून गायची नाही. स्पर्धेत आपली स्वतःची कविता कोणीही म्हणणार नाही. मुलांच्या छातीवर फक्त क्रमांक असेल, नाव व वर्ग पुकारला जाणार नाही.*

*आपल्यासोबत एक निवृत्त मराठी शिक्षिका आणि तालुका वाचनालयाचे ग्रंथपाल असे आणखी दोन परीक्षक असतील. तिघांनी गुण स्वतंत्रपणे द्यायचे आहेत. गुणपत्रकाचा नमुना सोबत जोडला आहे. सर्व कवितांच्या छायाप्रती १५ जानेवारीपर्यंत आपल्या घरी पोहोचवू. स्पर्धकांपैकी कोणी आपल्या नात्यातले असल्यास कृपया आधी कळवावे.*

*गुणांची बेरीज होण्यास सुमारे १५ मिनिटे लागतील. त्या वेळात आपण आपल्या दोन कविता मुलांना ऐकवाव्यात, अशी इच्छा आहे. शाळेतर्फे ५०० रुपये मानधन व रिक्षाभाडे देण्यात येईल.*

*आपला होकार किंवा नकार ५ जानेवारीपर्यंत कळवावा. कळावे, लोभ असावा.*

खाली मुख्याध्यापकांची सही, त्यांच्या डावीकडे बाईंची. आणि पाकिटात बाईंच्या हातची एक वेगळी चिठ्ठी: ‘अण्णा, वरचं पत्र शाळेच्या पद्धतीने लिहिलं आहे, परकं वाटून घेऊ नका. काही अडचण असली तर मोकळेपणी सांगा, मी रविवारी घरी येऊन जाते.’ ही चिठ्ठी आगंतुक नाही. गावात पत्र कधीच एकटं जात नाही. आधी कानावर घातलेलं असतं, मागून माणूस जातो. पण माणूस गेला म्हणून पत्र पातळ करायचं कारण नाही. तोंडी बोलण्यातलं अर्धं दोन्ही बाजू विसरतात.

आता या पत्रातली काही वाक्यं सुटी करून पाहू.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘चाल लावून गायची नाही’ हे आहे. आपल्याकडे कविता गाण्याची परंपरा मोठी आहे. अभंग आणि ओवी तर गळ्यातूनच आले. पुण्यात १९२३ साली सुरू झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन घराघरांत नेलं. कवी यशवंत आणि गिरीश आपल्या कविता गाऊन दाखवत आणि लोक ऐकायला गर्दी करत. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट या तिघांनी गावोगाव फिरून कविता म्हणून दाखवल्या, त्या मात्र बहुतांशी बोलण्याच्या लयीत. म्हणजे दोन्ही रीती आपल्याच. प्रश्न एवढाच की एकाच स्पर्धेत दोन्ही आल्या की तुलना करता येत नाही. गोड गळ्याची मुलगी चालीत म्हणू लागली की सभागृह डोलतं आणि टाळ्या पडतात. तिच्यामागून येणारा मुलगा कविता कितीही समजून म्हणो, तो कोरडा वाटतो. मुलं हल्ली मोबाइलवरच्या ध्वनिफिती ऐकून तीच चाल उचलतात, त्यामुळे एकाच कवितेच्या चार चाली नव्हे तर चौघांच्या तोंडी एकच चाल ऐकू येते. शाळेला गाण्याची स्पर्धा घ्यायची असेल तर जरूर घ्यावी, पण तिला काव्यगायन म्हणावं आणि परीक्षक म्हणून सुरांचा जाणकार बोलवावा. कवी त्या कामाचा माणूस असेलच असं नाही.

चाल बंद केली म्हणून लय बंद होत नाही, हे मात्र मुलांना सांगावं लागतं. वृत्तातली कविता घ्या. भुजंगप्रयात हे वृत्त मुलांच्या कानात मनाच्या श्लोकांमुळे इतकं पक्कं बसलेलं असतं की त्या वृत्तातली कोणतीही कविता आली की श्लोकाचाच ठेका लागतो, विषय पावसाचा असो की रणांगणाचा. जाणता परीक्षक इथे एवढंच ऐकतो: ठेका अर्थाला ओढत नेतोय, की अर्थ सांभाळून ठेका मागे वाजतोय?

मुक्तछंदात उलटी अडचण येते. तिथे ठेका नसतो, म्हणून मूल प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतं, कारण पुस्तकात ओळ तिथे संपलेली असते. समजा कवितेत अशा दोन ओळी आहेत: ‘आजी म्हणाली दारातल्या / जाईला पाणी घाल’. मूल ‘दारातल्या’वर थांबून श्वास घेतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, दारातल्या कोणत्या तरी आजीबद्दल बोलणं चाललं आहे. पुढे ‘जाईला पाणी घाल’ येतं तेव्हा ते तुटून पडतं. ज्या मुलाला अर्थ कळला आहे ते ‘म्हणाली’नंतर किंचित थबकतं आणि ‘दारातल्या जाईला’ एका श्वासात म्हणतं. ओळीच्या टोकाला आवाज जेमतेम तोलून धरतं. पाव सेकंदाचा फरक असतो. पण कविता समजून पाठ केली की घोकून, हे जितकं इथे उघडं पडतं तितकं हातवाऱ्यांमध्ये पडत नाही. कवीला परीक्षक म्हणून बोलवायचं खरं कारणही हेच आहे. स्वतः ओळ तोडणाऱ्याला, ती का तोडली हे माहीत असतं.

हातवाऱ्यांचा उल्लेख निघालाच आहे तर सोबत जोडलेल्या गुणपत्रकाकडे वळू. बाईंनी १०० गुण असे विभागले आहेत: पाठांतर २०, उच्चार २०, अर्थाची जाण ३०, आवाज आणि लय २०, सभाधीटपणा १०. ‘अभिनय’ किंवा ‘हावभाव’ असा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तो ठेवला की काय होतं ते लहान गटात दर वर्षी दिसतं. चंद्र म्हटलं की बोट वर, हृदय म्हटलं की हात छातीवर, पाऊस म्हटलं की दहाही बोटं खाली. हे मुलांचं नसतं, घरी आरशासमोर बसवून घेतलेलं असतं. दहा गुणांचा रकाना असला की पालक त्या दहा गुणांची तयारी करून घेतात, यात त्यांचा दोष नाही. रकाना काढला की हात आपोआप खाली येतात. ज्या मुलाचा हात मनापासून हलतो त्याचे गुण ‘अर्थाची जाण’मध्ये येतातच. वेशभूषेलाही याच कारणाने गुण नाहीत. मुलं शाळेच्या गणवेशात येतील.

उच्चाराच्या २० गुणांवर बाईंनी गुणपत्रकाच्या पाठीमागे चार ओळी लिहिल्या आहेत आणि माझ्या मते त्या पत्राइतक्याच मोलाच्या आहेत. प्रमाण मराठीतल्या कवितेत ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू यावेत, ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’मधला च एक होऊ नये, ही अपेक्षा ठीक आहे. पण कविता बोलीतली असेल तर? बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी म्हटलेल्या ओव्या आणि गाणी मुलगा सोपानदेव यांच्यामुळे कागदावर उतरली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. ती खानदेशातल्या बोलीत आहेत. एखादं मूल ते शब्द ‘शुद्ध’ करून म्हणू लागलं तर ती चूक धरायची, गुण वाढवायचे नाहीत. हे लिहून दिलं नाही तर तीन परीक्षकांपैकी एक जण हमखास उलटं करतो. आणि ज्याच्या घरातच ‘पानी’ म्हणतात त्या मुलाने प्रमाण मराठीतली कविता म्हणताना ‘पानी’ म्हटलं तर? बाईंची सूचना अशी: एकाच प्रकारच्या चुकीसाठी एकदाच, आणि दोनच गुण कमी करावेत, दर वेळी नाही. नाहीतर वस्तीवरून येणारं मूल २० पैकी ४ गुण घेऊन खाली बसतं आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही.

पाठांतराचेही नियम आधी ठरलेले बरे. मूल अडलं की बाजूला उभी असलेली शिक्षिका साधारण पाच सेकंद वाट पाहून पुढचा शब्द सांगेल आणि प्रत्येक वेळी पाठांतरातले दोन गुण जातील. अर्थाच्या किंवा आवाजाच्या गुणांना हात लावायचा नाही. हे न सांगितल्यास अडखळलेल्या मुलाचे सगळ्याच रकान्यांतले गुण घसरतात, कारण परीक्षकाच्या मनात ते मूल अडखळलेलं म्हणूनच राहतं.

पण पाठांतर तपासायचं तर समोर कविता हवी. चोवीस कविता कोणाला तोंडपाठ असतात? म्हणून छायाप्रती. त्यांच्याबाबत एक खोच आहे. पाठ्यपुस्तकात पुष्कळदा मूळ कवितेतली काही कडवीच घेतलेली असतात. कवीला मूळ कविता पूर्ण आठवत असते. मूल पुस्तकाप्रमाणे बिनचूक म्हणतं आणि कवी मनातल्या मनात म्हणतो, याने मधली दोन कडवी खाल्ली. छायाप्रत मुलाने ज्या पुस्तकातून पाठ केलं त्याच पुस्तकाची असावी आणि लांब कवितेतला भाग निवडला असेल तर तो पेन्सिलीने कंस करून दाखवावा. तीन मिनिटांची मर्यादा असल्यामुळे असे भाग निघणारच. यासाठी मुलांनी आपली कविता १२ जानेवारीपर्यंत बाईंकडे नक्की करायची आहे. त्यानंतर बदल नाही.

‘नाव व वर्ग पुकारला जाणार नाही’ हे वाक्य शहरात कदाचित लागणार नाही. गावात लागतं. आडनाव ऐकलं की घर कळतं, घर कळलं की बाकीचं सगळं कळतं. सभापतींची नात, दूध संघाच्या संचालकांचा मुलगा, भावकीतली पोर. अण्णांच्या मनात काही नसलं तरी निकालानंतर लोक त्यांच्या मनात ते घालतील. छातीवर क्रमांक, आणि क्रमांकही स्पर्धेच्या दिवशी सकाळी चिठ्ठ्या टाकून काढलेला. ओळखीचे चेहरे ओळखू येणारच, त्याला इलाज नाही. नातं कळवण्याची विनंती मात्र पत्रात आहे. अण्णांचा पुतण्या सहावीत निघाला तर लहान गटाला त्यांच्या जागी कोण बसेल हे बाईंना तीन आठवडे आधी ठरवता येतं. कवीची स्वतःची कविता स्पर्धेत नको, हेही त्याच पोटातलं. पाहुण्यांना खूश करायला कोणी तरी ती बसवून घेतंच, आणि मग कवीची मोठी पंचाईत होते. गुण दिले तर आपल्याच कवितेला दिले, नाही दिले तर पोराचा हिरमोड.

तिघांनी स्वतंत्र गुण द्यायचे, हे ठीक. पण त्या गुणांचं पुढे करायचं काय? सरळ बेरीज करायची ही शाळेतली सवय. तिच्यातला घोटाळा एका उदाहरणात दिसतो. तीन स्पर्धक धरा: क्रमांक ४, ७ आणि ९. अण्णा मोकळ्या हाताचे. त्यांनी दिले ८५, ६२ आणि ५५. निवृत्त शिक्षिका जपून गुण देणाऱ्या. त्यांचे ७४, ७७ आणि ७५. ग्रंथपालांचे ७०, ७३ आणि ७२. बेरीज केली तर क्रमांक ४ ला २२९, क्रमांक ७ ला २१२ आणि क्रमांक ९ ला २०२. पहिला नंबर चौथ्याचा. पण नीट पाहा: तिघांपैकी दोघांनी त्याला तिघांत शेवटचा ठरवलं आहे. अण्णांच्या गुणांत ३० चं अंतर आहे, बाकी दोघांच्या तीन-तीनचं. त्यामुळे निकाल एकट्या अण्णांनीच लावला.

उपाय सोपा आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याचे नंबर काढायचे आणि नंबरांची बेरीज करायची. जिची बेरीज सगळ्यात कमी तो पहिला. इथे क्रमांक ४ चे १, ३, ३ म्हणजे ७. क्रमांक ७ चे २, १, १ म्हणजे ४. क्रमांक ९ चे ३, २, २ म्हणजे पुन्हा ७. पहिला नंबर सातव्याचा, आणि दुसऱ्यासाठी ४ व ९ यांच्यात बरोबरी. ती सोडवायला तिघांचे ‘अर्थाची जाण’चे गुण मिळवायचे. कोणी म्हणेल, अण्णांचाच कान खरा असेल तर? असूही शकतो. पण तसं असेल तर बाकी दोघांना बोलवायची गरज नव्हती.

पहिल्या क्रमांकाने येणाऱ्या मुलाचंही एक दुखणं आहे. परीक्षकाचं माप अजून बसलेलं नसतं, म्हणून तो हात राखून ७० च्या आसपास गुण देतो. दहावं मूल तसंच म्हणतं आणि ८० घेऊन जातं. यावर बाई तिघांच्या पुढ्यात पेनाबरोबर पेन्सिल आणि खोडरबर ठेवतात. गटातले पहिले तीन पेन्सिलीने, गट संपला की ते परत पाहायचे आणि मग शाई. गट संपल्यावर पत्रक सही करून बाईंच्या हातात, आणि त्यानंतरच चहा. चहा आधी आला की तिघे आपसांत बोलतात आणि स्वतंत्र गुणांचा अर्थ उरत नाही.

वेळेचा हिशेब पत्रातल्या तासांशी जुळतो का ते पाहू. म्हणायला तीन मिनिटं आणि ये-जा व गुण लिहिण्यासाठी एक, अशी एका मुलामागे चार. चोवीस मुलांची ९६ मिनिटं. दोन गटांच्या मध्ये दहा मिनिटं, बेरजेला पंधरा, अभिप्राय आणि बक्षिसांना पंधरा. अकराला सुरू झालं तर सव्वाच्या सुमारास संपतं, अट एकच की उद्घाटनाची भाषणं अकराच्या आत उरकलेली असावीत. वर्गफेरी न घेता येतील तेवढ्या सगळ्यांना मंचावर घेतलं आणि साठ मुलं आली तर नुसत्या पठणाला चार तास लागतात, आणि तिसऱ्या तासाला कोणत्याही परीक्षकाला सगळ्या कविता सारख्याच ऐकू येऊ लागतात.

बेरजेच्या पंधरा मिनिटांत अण्णा आपल्या दोन कविता म्हणणार. हे वाक्य पत्रात घालण्यात बाईंची हुशारी आहे. कवीला आपली कविता म्हणायची असते, आणि ती जागा आधीच दिली नाही तर तो ती अभिप्रायात शोधतो. मग पाच मिनिटांचा अभिप्राय पाऊण तास चालतो आणि मुलं घड्याळाकडे पाहू लागतात. अभिप्राय देताना कोणाही मुलाचा क्रमांक घेऊन चूक सांगू नये, ही विनंती बाई रविवारच्या भेटीत तोंडी करणार आहेत. ती पत्रात लिहिली तर कवीला शिकवल्यासारखं होतं.

राहता राहिलं मानधन. शाळांना हे वाक्य लिहायची लाज वाटते, त्यामुळे शेवटी पाकीट हातात कोंबलं जातं किंवा शाल, नारळ आणि पुस्तक देऊन निरोप मिळतो. कवी तक्रार करत नाही, पण रिक्षाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. आकडा लहान असला तरी लिहावा. द्यायला काही नसेल तर ‘मानधनाची तरतूद नाही’ हेही लिहावं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला त्यावरून हो किंवा नाही ठरवायचं असतं, आणि शाळेसाठी विनामोबदला येणारे कवी गावात आहेतही. त्यांना फक्त आधी विचारलं जावं असं वाटतं. स्तुतीचंही तेच. ‘सुप्रसिद्ध साहित्यिक’, ‘काव्यविश्वातील तेजस्वी तारा’ हे शब्द प्रत्येक कवीला प्रत्येक पत्रात आलेले असतात. आपल्या संग्रहातली एक कविता सातवीच्या वर्गात वाचली गेली, एवढं साधं वाक्य त्याला जास्त खरं वाटतं. मात्र ती खरोखर वाचलेली हवी, कारण मंचावर तो मुलांना तिच्याबद्दल विचारतो.

यंदा परीक्षकाचं पत्र लिहायचं काम ज्यांच्याकडे आलं असेल त्या शिक्षकांनी आधी गुणपत्रक तयार करावं आणि पत्र नंतर लिहावं. आणि कवींनो, असं पत्र न येता नेहमीचं अर्ध्या पानाचं आलं, तर होकार कळवतानाच तीन गोष्टी मागून घ्या: गुणपत्रक, कवितांच्या प्रती आणि बाकीच्या परीक्षकांची नावं.